20 दिवसांच्या उच्चांकावर खरेदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेअर किंवा फ्युचर्सचा भाव 20 दिवसांच्या उच्चांकाच्या वर गेला की खरेदी करायची, या पद्धतीचे नियम एका कागदावर मावतात, तरी त्याबद्दलचे प्रश्न थांबत नाहीत. बहुतेक प्रश्न खरेदीबद्दल असतात, पण पद्धतीचं यश दोन वेगळ्याच गोष्टींवर ठरतं: किती घेतलं आणि मोठा सौदा शेवटपर्यंत धरला का. म्हणून त्या भागाची उत्तरं इथे मोठी आहेत. सगळ्या उदाहरणांत खात्यात 10 लाख आहेत असं धरलं आहे. चलन कोणतंही असलं तरी हिशेब तोच.

1. 20 दिवसांचा उच्चांक नेमका कसा मोजायचा? आजचा दिवस त्यात येतो का?

नाही. कालपर्यंतचे 20 व्यवहाराचे दिवस घ्यायचे आणि त्यांतला सर्वांत वरचा भाव शोधायचा. क्लोजिंगचा भाव नव्हे, दिवसभरातला हाय. ती झाली चॅनलची वरची रेघ. आजचा भाव तिच्या वर गेला की ब्रेकआउट झाला.

आजचा दिवस धरला तर आजचा हाय स्वतःपेक्षा मोठा कधीच होणार नाही आणि सिग्नल कधीच मिळणार नाही. मग काहीजण `>` काढून `>=` टाकतात. सिग्नल दिसायला लागतात, पण ते दिवस संपल्यावर कळलेल्या हायवर बेतलेले असतात आणि जुन्या भावांवर पद्धत तपासणारा बॅकटेस्ट खोटाच सुंदर दिसतो. उपाय एवढाच, की रेघ एक दिवस पुढे सरकवायची:

```python
channel = df["High"].rolling(20).max().shift(1)
signal = df["High"] > channel
```

2. भाव रेघ ओलांडताक्षणी घ्यायचं की क्लोजिंगची वाट पाहायची?

दोन्ही चालतं, पण एक ठरवा आणि तेच पाळा. ओलांडताक्षणी घ्यायचं तर रेघेच्या किंचित वर बाय-स्टॉप ऑर्डर आधीच लावून ठेवायची. मोठी चाल पहिल्याच दिवशी सुटली तर तुम्ही आत असता. मात्र दिवसभरात वर जाऊन संध्याकाळी खाली येणारे फसवे ब्रेकआउटही तुमच्याच वाट्याला येतात. क्लोजिंगनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं तर त्यांतले काही टळतात, पण खऱ्या चालीत भाव महाग मिळतो.

माझा कल बाय-स्टॉपकडे आहे. वर्षभराची कमाई एक-दोन सौद्यांत येणार असेल (प्रश्न 6), तर ते हुकण्यापेक्षा काही फसवे सौदे सोसणं परवडतं. बॅकटेस्टमध्ये एक गोष्ट सांभाळा. बाजार रेघेच्या वरच गॅप देऊन उघडला, तर खरेदीचा भाव रेघेचा नसतो, उघडलेला असतो.

3. एन म्हणजे काय? रोजचा हाय-लो फरक घेऊन चालणार नाही का?

एन म्हणजे हा बाजार एका दिवसात साधारण किती हलतो याचं माप. नुसता हाय-लो फरक घेतला तर गॅप निसटतो. काल 500 वर बंद झालेला भाव आज 520 ला उघडून 518 ते 524 मध्येच फिरला, तर हाय-लो फरक फक्त 6 येतो. पण ज्याच्याकडे कालपासून माल आहे, त्याच्या दृष्टीने बाजार 24 हलला. म्हणून तीन फरकांतला सर्वांत मोठा, म्हणजे टीआर, घ्यायचा आणि त्याची 20 दिवसांची सरकती सरासरी काढायची:

```text
TR = max(H - L, H - PC, PC - L)
N  = (19 * PN + TR) / 20
```

यात `H` आणि `L` आजचे हाय आणि लो, `PC` कालचं क्लोजिंग आणि `PN` कालचा एन. सुरुवातीला मागच्या 20 दिवसांच्या टीआरची साधी सरासरी घ्यायची आणि तिथून हे सूत्र चालवायचं.

4. मग एका सौद्यात किती नग घ्यायचे?

मूळ नियम असा: बाजार एक एन हलला तर खात्यात 1 टक्का फरक पडावा, एवढेच नग घ्यायचे. खात्याचा 1 टक्का म्हणजे 10,000. एन 12.5 असेल तर 10,000 भागिले 12.5, म्हणजे 800 नग. भाव 500 असेल तर 4 लाख गुंततात.

स्टॉप, म्हणजे तोटा सोसून बाहेर पडण्याचा भाव, खरेदीच्या 2 एन खाली, म्हणजे 475 ला. तो लागला तर 25 गुणिले 800, म्हणजे 20,000 जातात. बरेच जण इथे अडखळतात. नियमात 1 टक्का लिहिलंय, पण सौद्याची जोखीम 2 टक्के आहे, कारण स्टॉप दोन एन दूर आहे. ही 20,000 ची रक्कम म्हणजे एक आर. पुढे सगळीकडे नफा-तोटा आरमध्येच मोजू, कारण मग शांत आणि उसळता बाजार एकाच फूटपट्टीवर येतात.

2 टक्के एकट्या माणसासाठी जड आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. एका एनला अर्धा टक्का ठेवा, म्हणजे सौद्यामागे 1 टक्का जोखीम. का, ते प्रश्न 8 मध्ये आहे. उदाहरणं मात्र मूळ आकड्यांवरच चालू ठेवतो, हिशेब सोपा जातो.

5. बाहेर कधी पडायचं? एक सौदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवाल का?

नियम: भाव आधीच्या 10 दिवसांच्या नीचांकाखाली गेला की सगळा माल विकायचा. त्याआधी 2 एनचा स्टॉप लागला तर तिथेच बाहेर. दोन्हींपैकी जो वर असेल तो लागू. टार्गेट नाही.

वरच्याच आकड्यांचा सौदा घेऊ. उदाहरण रचलेलं आहे, पण मोठे सौदे बहुधा याच वळणाने जातात. खरेदी 500 ला, नग 800, स्टॉप 475. त्या दिवशी 10 दिवसांचा नीचांक 468 आहे, म्हणून सध्या 475 चाच स्टॉप चालेल. चौथ्या दिवशी भाव 512 होतो आणि सातव्या दिवशी 481 वर येतो. स्टॉप अजून 6 दूर आहे. इथे हात मध्ये घालून विकणारे पुष्कळ असतात, आणि पुढची सगळी चाल त्यांच्याशिवाय होते.

पाचव्या आठवड्यात भाव 590. कागदावर 90 गुणिले 800, म्हणजे 72,000 नफा, 3.6 आर. आता 10 दिवसांचा नीचांक 558 पर्यंत वर आला आहे आणि स्टॉपची जागा त्याने घेतली आहे. लगेच पुढच्या चार दिवसांत भाव 561 पर्यंत घसरतो. 23,200 डोळ्यांदेखत गेले, तरी नियम विका म्हणत नाही, कारण 558 तुटलेला नाही. काहीच करायचं नाही.

अकराव्या आठवड्यात भाव 742 ला जातो आणि वळतो. तेव्हाचा 10 दिवसांचा नीचांक 688. दीड आठवड्याने तो तुटतो आणि 688 ला माल विकला जातो. नफा 188 गुणिले 800, म्हणजे 1,50,400, सुमारे साडेसात आर.

शिखराला कागदी नफा 1,93,600 होता, म्हणजे 43,200 बाजाराला परत गेले. हे या पद्धतीत दर मोठ्या सौद्यात होतं आणि होणारच. 742 हे शिखर होतं हे 688 ला आल्यावर कळतं. 590 सुद्धा त्या दिवशी शिखरासारखंच दिसत होतं. 590 वरून परत येणारं जो वाचवायला जाईल, त्याला 742 दिसणार नाही.

10 ऐवजी 20 दिवसांचा नीचांक वापरला तर मोठी चाल आणखी लांब धरता येते, पण परत जाणारी रक्कमही वाढते. दोन्ही वाजवी आहेत. सौदा चालू असताना एकावरून दुसऱ्यावर जाणं मात्र वाजवी नाही.

6. माझे दहापैकी सहा-सात सौदे तोट्यात जातात. काही चुकतंय का?

त्यावरून काहीच चुकलेलं दिसत नाही. ब्रेकआउट पद्धतींत जिंकणाऱ्या सौद्यांचं प्रमाण साधारण 35 ते 40 टक्के असतं. उच्चांक मोडल्यावर भाव पुढे जाण्यापेक्षा मागे येणंच जास्त वेळा घडतं. पद्धत टिकते ती नफ्याच्या आकारावर.

आकडे मांडून पाहू. 20 सौदे. त्यांत 13 तोट्याचे, सरासरी 0.8 आर, म्हणजे वजा 10.4. (सरासरी एकाहून कमी, कारण काही सौद्यांत 10 दिवसांचा नीचांक स्टॉपच्या वर आलेला असतो.) 5 छोट्या नफ्याचे, सरासरी 1 आर, म्हणजे अधिक 5. आणि दोन मोठे, 6 आर आणि 9 आर. एकूण बेरीज अधिक 9.6 आर.

आता फक्त 9 आरचा सौदा काढून टाका. उरतात 0.6 आर, ब्रोकरेज आणि स्लिपेज, म्हणजे ठरवलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक, यांत संपतील एवढे. दुसराही काढला तर वजा 5.4. वीस सौद्यांतले अठरा घेणारा माणूस तोट्यात असू शकतो, जर राहिलेले दोन हेच असतील. म्हणून सगळे सिग्नल घ्यावे लागतात. सुट्टीवर गेलात आणि मागे ऑर्डर लावल्या नाहीत, तर हुकलेला सौदा सरासरीतला असेलच असं नाही.

7. नफा 3 आर झाला की निम्मा किंवा पूर्ण माल विकून टाकला तर? निदान हातात काही राहील.

प्रश्न 6 मधलेच आकडे घ्या आणि 3 आरवर पूर्ण विकण्याचा नियम लावा. तोटे तेवढेच, वजा 10.4. छोटे नफे तेवढेच, अधिक 5. दोन मोठे सौदे मात्र 15 वरून 6 वर येतात. बेरीज 0.6 आर.

निम्मा विकला तर त्या दोन सौद्यांचे 10.5 आर होतात आणि बेरीज 5.1 वर येते. जिंकण्याची टक्केवारी तीच राहते, तोटा कणभरही कमी होत नाही, फक्त नफ्याची शेपटी छाटली जाते. खात्याची चढउतार थोडी कमी होते हे खरं, पण चढउतारच नको असेल तर प्रश्न 4 मधला टक्का कमी करा. त्याने नफा आणि तोटा एकाच प्रमाणात घटतात आणि पद्धतीचा आकार शाबूत राहतो.

8. सलग किती तोटे येऊ शकतात?

जिंकण्याचं प्रमाण 35 टक्के आणि सौदे एकमेकांपासून स्वतंत्र असं धरलं, तर 100 सौद्यांत कधीतरी सलग 8 तोटे येण्याची शक्यता निम्म्याहून बरीच जास्त आहे. सलग 10 येण्याची शक्यताही साधारण तिनात एक आहे. प्रत्येक तोटा पूर्ण 2 टक्क्यांचा असेल तर आठ तोट्यांत खातं जवळजवळ 15 टक्के खाली येतं.

प्रत्यक्षात सौदे स्वतंत्र नसतात, आणि खरी कसोटी तिथे लागते. एकाच क्षेत्रातल्या पाच गोष्टी एकाच आठवड्यात उच्चांक मोडतात आणि एकाच दिवशी उलटतात. कागदावर पाच सौदे, पण पैज एकच. 1980 च्या दशकात शिकागोत रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी नवशिक्यांना ही पद्धत शिकवली, ते लोक टर्टल म्हणून ओळखले जातात. त्यांच्या नियमांत यावर थेट मर्यादा होती. प्रश्न 4 प्रमाणे काढलेला एक आकार म्हणजे एक युनिट. एका बाजारात जास्तीत जास्त 4 युनिट, जवळचं नातं असलेल्या बाजारांत मिळून 6, दूरचं नातं असलेल्यांत 10 आणि एका दिशेने एकूण 12.

त्यांचा दुसरा नियमही घेण्यासारखा आहे. खातं 10 टक्के खाली गेलं की ते 20 टक्के लहान आहे असं धरून आकार काढायचा. 10 लाखांचे 9 लाख झाले तर हिशेब 8 लाखांवर करायचा.

9. मागचा ब्रेकआउट नफ्यात गेला असेल तर पुढचा सोडायचा असं ऐकलं. हा नियम पाळू का?

हा नियमही टर्टलांचाच, 20 दिवसांच्या पद्धतीसाठीचा. एका मोठ्या चालीनंतर लगेच येणारा ब्रेकआउट बहुधा फसतो, हा त्यामागचा अंदाज. मागचा ब्रेकआउट तुम्ही प्रत्यक्ष घेतला होता की नाही याला महत्त्व नाही. घेतला असता तर काय झालं असतं, ते पाहायचं.

पण लोक अर्धाच नियम उचलतात. उरलेला अर्धा असा: सोडलेला सिग्नल पुढे वाढत जाऊन भावाने 55 दिवसांचा उच्चांक मोडला, तर तिथे घ्यायचंच. हा दुसरा भाग नसेल तर एखाद्या दिवशी वर्षातला सर्वांत मोठा सौदा नियमानुसार सुटेल आणि परत आत जायला वाट नसेल. दोन्ही भाग सांभाळणं जमणार नसेल, तर नियमच सोडा आणि सगळे ब्रेकआउट घ्या.

10. एन फारच लहान आला आणि नगांची संख्या खात्यापेक्षा मोठी निघाली. काय करू?

भाव 500 आणि एन 4 असेल तर सूत्र 2,500 नग सांगतं, म्हणजे 12.5 लाखांचा माल. खातं 10 लाखांचं. सूत्राचा हिशेब बरोबर आहे. अडचण अशी, की एन मागचे शांत दिवस पाहतो, आणि ब्रेकआउट म्हणजे बहुतेकदा त्या शांततेचा शेवट. उद्या बाजार 4 ऐवजी 12 हलला तर 2 एनचा स्टॉप एका दिवसात पार होतो.

मी दोन कुंपणं घालतो. एन काढताना 20 दिवसांचा आणि 60 दिवसांचा असे दोन काढून मोठा तो धरायचा. आणि एका सौद्यात खात्याच्या 40 टक्क्यांहून जास्त गुंतवायचे नाहीत, सूत्र काहीही सांगो. इथे ती मर्यादा 800 नगांची होते. 40 हा आकडा माझ्या सोयीचा आहे, तुमचा वेगळा असू शकतो, पण मर्यादा लिहून ठेवलेली असावी.

11. भाव गॅप देऊन स्टॉपच्या बराच खाली उघडला. वर येईपर्यंत थांबू का?

थांबू नका. स्टॉप 475 ला आणि भाव 440 ला उघडला, तर 440 च्या आसपास विकायचं. तोटा 60 गुणिले 800, म्हणजे 48,000. दोन टक्के ठरवले होते, पावणेपाच गेले. स्टॉप म्हणजे तोट्याच्या मर्यादेची हमी नव्हे, तो फक्त विकण्याचा आदेश आहे, आणि मधे व्यवहारच झाले नसतील तर विकणार कुठे? अशा दिवसांसाठीच सुरुवातीचा आकार लहान ठेवायचा (प्रश्न 4 आणि 10). वाट पाहून एखाद्या वेळी भाव 470 ला येईलही, आणि पुढच्या वेळी 400 ला जाईल.

12. चार्टवर ब्रेकआउट दिसतोय, पण बाजारात तशी चाल नव्हती. असं का?

भावांची मालिका जोडताना गडबड झाली असेल. शेअर एकाचे पाच झाले आणि जुने भाव दुरुस्त केले नाहीत, तर 500 चा भाव अचानक 100 दिसतो. आदल्या दिवसापर्यंत धरलेला सौदा 10 दिवसांचा नीचांक तुटला म्हणून बंद होतो आणि एन फुगतो. फ्युचर्समध्ये उलटही होतं. संपणारा करार 500 ला आणि पुढच्या महिन्याचा 509 ला असेल, तर बदलाच्या दिवशी 9 ची खोटी उडी येते आणि सिग्नल उमटतो. तिथे जुन्या भावांत तो फरक मिळवून सलग केलेली मालिका वापरायची. नगांची किंमत आणि गुंतवणूक काढताना मात्र आजचा खरा भावच घ्यायचा.

ओळखायची सोपी खूण: सिग्नलच्या दिवशीचा टीआर एनच्या तिप्पट-चौपट असेल, तर ऑर्डर देण्याआधी कराराची तारीख आणि कंपनीची घोषणा पाहा.

13. वर्षभर तोटाच आहे. पद्धत बिघडली की नुसती वाईट वेळ, हे कसं ओळखायचं?

एकूण तोट्याकडे पाहून नाही ओळखता येत. सौद्यांची वही काढा आणि तीन गोष्टी तपासा. पहिली, तोट्याच्या सौद्यांची सरासरी. ती एक आरच्या आत असेल तर आकार आणि स्टॉप ठीक चालले आहेत. दीड आरकडे गेली असेल तर स्लिपेज, गॅप किंवा उशिरा विकण्याची सवय पैसे खाते आहे. दुसरी, तुमच्या यादीतल्या बाजारांत या वर्षी 5 आरहून मोठ्या चाली नियमानुसार किती मिळायला हव्या होत्या, आणि तुम्ही त्यांतल्या किती घेतल्या. तीन होत्या आणि तुमच्याकडे शून्य असतील, तर दोष पद्धतीचा नाही. तिसरी, खर्च. सरासरी सौद्यामागे ब्रोकरेज, कर आणि स्लिपेज मिळून 0.2 आर जात असतील, तर प्रश्न 6 मधल्या वीस सौद्यांत 4 आर तिथेच गेले.

तिन्ही ठीक असतील आणि यादीत मोठी चालच झाली नसेल, तर ते वर्ष ट्रेंडशिवायचं गेलं. अशी वर्षं येतात. तेव्हा बदलण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे यादी. पंधरापैकी दहा बाजार एकाच कारणाने हलत असतील, तर मोठी चाल सापडण्याची ठिकाणं पंधरा नाहीत, सहा आहेत. एकमेकांशी नातं नसलेले बाजार त्यात घ्या आणि 20 चा आकडा आहे तसाच राहू द्या. मागच्या वर्षाला 23 जास्त चांगला बसला असता, एवढ्यावरून पुढच्या वर्षी काय होईल ते कळत नाही.